आधी मधली रेघ



दिवाळी सरली, भात निघाले, की आमच्या मेढ्याच्या आसपासच्या गावांतून कबड्डीच्या सामन्यांची पत्रके लागू लागतात. जावळी तालुक्यातली पुष्कळ माणसे पोटासाठी मुंबईला गेली. आधी गिरण्यांत, पुढे माथाडी कामात. ही मंडळी यात्रेला गावी येतात आणि गावची पोरे विरुद्ध मुंबईची पोरे असा सामना ठरतो. खेळाडूंबद्दल खूप बोलले जाते. बक्षिसाच्या ढालीबद्दलही बोलले जाते. पण आदल्या संध्याकाळी हातात दोरी आणि फक्कीचे घमेले घेऊन जो माणूस वाकलेला असतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. आज मी त्याच्या कामाविषयी बोलणार आहे. मैदान आखायचे कसे, एवढाच माझा विषय.

आता कुणी म्हणेल, कविता करणाऱ्या माणसाला हा उद्योग कुणी सांगितला? तर त्याचे उत्तर सरळ आहे. माझे अब्बा गवंडी होते. लायनदोरी, ओळंबा आणि गुण्या ही आमच्या घरातली रोजची अवजारे. गावात मैदान आखायचे झाले की बोलावणे अब्बांना येई आणि दोरीचे दुसरे टोक धरायला मी जाई. पुढे बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, तरी दोरीचे टोक काही सुटले नाही. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आले.

अब्बांचा एक नेम होता. मैदानावर पोहोचले की पोरे चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकायला धावत. अब्बा म्हणत, "थांबा रे. आधी मधली रेघ." घराचा पाया आखताना कोपऱ्यापासून सुरुवात करायची, पण कबड्डीचे मैदान मधल्या रेघेपासून उघडायचे, हे त्यांचे म्हणणे. त्याचे कारण नियमांतच आहे. निदान रेषा मध्यरेषेपासून मोजायची असते. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा येते. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेवरून आत शिरतो आणि त्याला परतायचेही तिथेच असते. म्हणजे या खेळातले सगळे हिशेब मध्यरेषेपाशी सुरू होतात आणि तिच्यापाशीच मिटतात. ती चुकली तर पुढचे सगळे चुकते.

आधी मापे सांगतो. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. महिलांचे बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. या रुंदीतच दोन्ही बाजूंची एक एक मीटरची लॉबी धरलेली असते. लॉबी म्हणजे राखीव पट्टा. चढाई करणारा आणि पकड करणारे यांचा स्पर्श होईपर्यंत तिथे पाय टाकायचा नाही. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की तो पट्टा मैदानाचा भाग होतो. म्हणून लॉबी सोडून आतले खेळायचे क्षेत्र पुरुषांना आठ मीटर रुंद मिळते आणि महिलांना सहा मीटर. कुमार आणि किशोर गटांसाठी त्या त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात दिलेले माप पाहूनच आखावे. तिथे अंदाज करू नये.

मैदानाभोवती चार मीटर मोकळी जागा लागते, हे पुष्कळदा विसरले जाते. बारा बाय आठचे मैदान घ्यायचे तर वीस बाय सोळा मीटरची सपाट जागा हाताशी हवी. आमच्याकडे डोंगरउतार, अशी जागा चटकन सापडत नाही. मग कुणाच्या तरी खाचराचा बांध मैदानाच्या रेषेपासून हातभर अंतरावर येतो आणि पकडीत फेकला गेलेला खेळाडू थेट दगडावर जातो. जागा कमी असेल तर मैदान सरकवावे, दिशा बदलावी, पण या चार मीटरांत हात घालू नये.

आता प्रत्यक्ष आखणी. महिलांचेच मैदान घेऊ, कारण त्यात एक गंमत आहे, ती ओघात येईलच.

जागेच्या मधोमध आठ मीटर लांबीची दोरी ताणायची आणि दोन्ही टोकांना खुंट्या ठोकायच्या. ही मध्यरेषा. आता या रेषेच्या प्रत्येक टोकापासून काटकोनात सहा मीटर जायचे आहे, कारण बाराचे अर्धे सहा. काटकोन डोळ्याने धरायचा नाही. डोळा कितीही सरावलेला असो, उघड्या रानात तो फसतो. जवळचा बांध, रस्ता, शाळेची भिंत जिकडे तिरकी असेल तिकडे तो ओढला जातो. गवंडी भिंतीचा कोपरा गुण्याने तपासतो. मैदानाएवढा गुण्या कुणाकडे नसतो, म्हणून तो दोरीचा करायचा. तीन, चार आणि पाच अशा बाजूंच्या त्रिकोणात काटकोन असतो, हे आपण सातवी-आठवीत शिकतो. त्याच मापांची दुप्पट केली की सहा, आठ आणि दहा.

आणि गंमत ती हीच. महिलांच्या मैदानाचे अर्धे अंगण बरोबर सहा बाय आठ मीटर असते. म्हणजे त्याचा कर्ण नेमका दहा मीटर. कुठलेही गणित न करता, फक्त दोन टेप घेऊन ते आखता येते. मध्यरेषेच्या डाव्या टोकाला एक टेप धरा आणि सहा मीटर सोडा. उजव्या टोकाला दुसरी टेप धरा आणि दहा मीटर सोडा. दोन्ही टेपा ताठ ओढून जिथे सहा आणि दहा हे आकडे एकमेकांवर येतील, तिथे मैदानाचा कोपरा. तिथे खुंटी. मग टेपांची अदलाबदल करून दुसरा कोपरा. तेच मध्यरेषेच्या पलीकडे. चार कोपरे झाले. पुरुषांच्या मैदानालाही हीच रीत आहे, फक्त तिथे सहाच्या जागी साडेसहा मीटर, मध्यरेषा दहा मीटरची आणि कर्ण ११.९३ मीटर धरायचा.

यानंतर संपूर्ण मैदानाचे दोन्ही कर्ण मोजायचे. महिलांच्या मैदानात दोन्ही १४.४२ मीटर आले पाहिजेत, पुरुषांच्या मैदानात १६.४० मीटर. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर मैदान कललेले आहे, मग चारी बाजू मापात बरोबर असल्या तरी. समजा एक कर्ण १४.६२ आला आणि दुसरा १४.२२. वाटते, वीस सेंटिमीटरने काय बिघडते? पण तेवढ्या फरकात अंतिम रेषेचे एक टोक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ पाव मीटर पुढे गेलेले असते. मध्यरेषाही तशीच तिरकी असेल तर दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना आपापल्या एकाच हाताचा कोपरा मध्यरेषेकडे सरकलेला वाटतो. कोपऱ्यात उभा राहणारा पकडपटू बोटांवर अंतर मोजत असतो. त्याचा पाव मीटर म्हणजे चढाईपटूच्या घोट्यापर्यंत हात पोहोचणे आणि न पोहोचणे.

टेपेविषयी दोन शब्द. पहिली गोष्ट, टेपेचे शून्य कुठे आहे ते पाहावे. काही टेपांत ते कडीच्या टोकाला असते, काहींत कडीच्या पुढे पट्टीवर छापलेले असते. दोन टेपा वेगवेगळ्या असतील तर कोपऱ्याची खुंटी चार-पाच बोटे इकडेतिकडे होते आणि कारण कुणाला सापडत नाही. दुसरी गोष्ट, जुनी कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते. तिच्यावर बारा दिसले तरी जमिनीवर जास्त असते. शक्य तर सगळी मापे एकाच टेपेने घ्यावीत. निदान चूक सगळीकडे सारखी तरी राहते.

आता आतल्या रेषा. लॉबी आधी. मध्यरेषेच्या आणि दोन्ही अंतिम रेषांच्या प्रत्येक टोकापासून एक मीटर आत खूण करायची आणि त्या खुणा जोडायच्या. इथे नेहमीची चूक अशी की, लॉबी बाहेरून जोडली जाते. आठ मीटरचे मैदान आखून झाल्यावर कुणाला तरी लॉबीची आठवण येते आणि तो बाहेर एकेक मीटर वाढवतो. मैदान दहा मीटर रुंद होते. तपासणी सोपी आहे. दोन लॉबी रेषांमधले अंतर महिलांच्या मैदानात सहा मीटर भरले पाहिजे, पुरुषांच्या मैदानात आठ. बाद झालेल्या खेळाडूंना बसायचा जो चौक अंतिम रेषेमागे दोन मीटरवर असतो, त्याची लांबीही इतकीच असते: महिलांना सहा, पुरुषांना आठ, आणि रुंदी एक मीटर. चौक आणि आतले क्षेत्र एका सरळीत आले की समजावे, लॉबी जागेवर आहे.

मग निदान रेषा आणि बोनस रेषा. या दोन्ही लॉबी रेषांच्या मधल्या भागातच आखायच्या, लॉबीत न्यायच्या नाहीत. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते, महिलांच्या मैदानात ३ मीटरवर. बोनस रेषा दोन्हीकडे निदान रेषेच्या पुढे एक मीटर. म्हणजे मध्यरेषेपासून मोजले तर पुरुषांना ४.७५ आणि महिलांना ४ मीटर. मध्यरेषेवर टेपेचे शून्य एकदाच धरावे आणि टेप न उचलता दोन्ही खुणा कराव्यात. एका रेषेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असे मोजत गेले की प्रत्येक वेळी बोट-अर्धे बोट वाढते आणि शेवटच्या रेषेपर्यंत ते साचते.

या दोन रेषा आखण्यात काय पणाला लागते ते सांगतो. चढाईपटूने कुणालाही स्पर्श केला नाही आणि निदान रेषाही ओलांडली नाही, तर तो बाद होतो. समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तर बोनस रेषा ओलांडून गुण मिळतो. मात्र पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत असावा लागतो. एक रेषा खेळाडूला वाचवते, दुसरी गुण देते, आणि दोन्हींचा निकाल पायाच्या पंज्यावर लागतो. तिथे रेषा वीतभर पुढे गेली तर सामना तिच्याबरोबर पुढे जातो.

काही वर्षांपूर्वीची हकीकत आहे. आमच्याच भागात कॉलेजच्या मुलींचे सामने होते. मी नुसता पाहायला गेलो होतो. सकाळी एका संघाची कर्णधार मुलगी सरावाला उतरली, दोन-तीनदा आत जाऊन आली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "चाचा, ही बोनस लांब वाटते हो. माझा पाय रोज जिथे पडतो तिथे ती नाही." मी म्हटले, "बेटा, तुझा पाय तुझ्या कॉलेजच्या मैदानावर पडतो. ते मैदान तरी बरोबर आहे का?" ती म्हणाली, "आमचे सर टेपेने आखून घेतात." मग मी आयोजकांपैकी एका तरुणाकडून टेप मागून घेतली.

बाहेरचे माप बरोबर होते. बारा बाय आठ. कर्ण जुळले. लॉबी बरोबर. मग मध्यरेषेवरून टेप सोडली, तर निदान रेषा ३.७५ वर आणि बोनस ४.७५ वर. झाले असे होते की, आदल्या दिवशी तिथे पुरुषांचे सामने झाले होते. रात्री पोरांनी त्याच मैदानाच्या दोन्ही टोकांकडून अर्धा अर्धा मीटर आणि दोन्ही बाजूंनी एक एक मीटर आत घेऊन महिलांचे मैदान करून टाकले. लॉबी नवीन आखली. मधल्या दोन रेषा मात्र तशाच राहिल्या, कारण त्या आधीच ठळक दिसत होत्या आणि कुणाला त्यांची शंका आली नाही.

याचा परिणाम पाहा. मुलींना चढाईत निदान रेषा गाठायला पाऊण मीटर जास्त आत जावे लागणार होते. बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत दोन मीटर जागा असायला हवी, ती सव्वा मीटर राहिली होती. म्हणजे चढाईपटू जास्त खोल जाणार, आणि तिथे पकडणाऱ्या मुली तिच्या अगदी अंगावर असणार. सगळा तोल पकडीच्या बाजूला गेला होता. जिचा संघ चढाईवर जिंकत आला, तिचे सगळे वर्ष त्या पाऊण मीटरात बुडाले असते. आणि मैदान दोन्ही संघांना सारखेच आहे, असे म्हणून कुणी हात झटकलेही असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महिलांचे मैदान म्हणजे पुरुषांचे मैदान थोडे आक्रसून केलेले नव्हे. पुरुषांच्या मैदानात बोनस रेषेमागे १.७५ मीटर जागा उरते, तर महिलांच्या लहान मैदानात २ मीटर. मैदान लहान, पण मागची पट्टी मोठी. त्यामुळे चारी बाजूंनी आत घेण्याची युक्ती इथे चालतच नाही. त्या दिवशी दुरुस्ती फार मोठी नव्हती. चारही चुकीच्या रेषांवर पाणी मारून, माती खरवडून त्या पुसल्या. नुसते पायाने फिसकटले असते तर फिकट पट्टा राहिला असता आणि पंचाला दोन दोन रेषा दिसल्या असत्या. मध्यरेषेपासून तीन आणि चार मीटरवर नव्या रेषा मारल्या. सामना अर्ध्या तासाने उशिरा सुरू झाला, एवढेच.

आता रेषा प्रत्यक्ष मारण्याबद्दल. रेषेची जाडी तीन ते पाच सेंटिमीटर. सीमेच्या रेषा मैदानातच मोजल्या जातात. म्हणून ताणलेली दोरी ही बाहेरची कड समजावी आणि फक्की दोरीच्या आतल्या अंगाला टाकावी. पोरे दोरीच्या दोन्ही बाजूंना टाकतात, मग मैदान पाच-सहा सेंटिमीटरने वाढते. मध्यरेषेची दोरी मात्र रेषेच्या मधोमध यावी, म्हणजे दोन्ही अंगणांना सारखे मिळेल.

फक्कीऐवजी चुना कधीही वापरू नये, हे मी हात जोडून सांगतो. कळीचा चुना असो की विरवलेला, तो कातडीला आणि डोळ्यांना भाजतो. कबड्डीत माणूस तोंडावर पडतो, घामाने भिजलेला असतो, तोंड उघडे ठेवून दम घालत असतो. गवंड्याच्या मुलाला चुना काय करतो ते माहीत असते. अब्बांच्या बोटांच्या चिरा मी पाहिल्या आहेत. फक्की मिळाली नाही तर चाळलेली राख चालते. आमच्याकडे जुनी माणसे राखच वापरत.

मेढ्याच्या हवेत आणखी एक ध्यानात ठेवावे. वेण्णेच्या काठाला हिवाळ्यात पहाटे दव पडते. त्या ओलसर मातीवर टाकलेली फक्की धरून राहते. दुपारी कोरड्या धुळीवर टाकली तर पहिल्या दोन चढायांतच उडते. म्हणून खुंट्या आणि दोरी आदल्या संध्याकाळी, फक्की सकाळी. दुपारनंतर आखायचेच असेल तर आधी रेषेवर पाण्याचा हात फिरवावा. आणि आखून झाल्यावर प्रत्येक रेषेच्या टोकाची खुंटी उपटून टाकू नये, तर जमिनीच्या पातळीखाली ठोकून तिच्यावर माती सारावी. बोनस रेषा सर्वात आधी पुसली जाते, कारण सगळे पाय तिथेच घासतात. मध्यंतरात ती पुन्हा मारताना बुजवलेली खुंटी सापडली, तर रेषा जुन्याच जागी येते. नाहीतर पहिल्या डावाची बोनस वेगळी आणि दुसऱ्या डावाची वेगळी.

२०१४ पासून प्रो कबड्डी दूरचित्रवाणीवर दिसते. तिथे मॅट असते, लॉबी वेगळ्या रंगाची असते, रेषा पुसण्याचा प्रश्न नसतो. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी प्रथमच आली, तीही मॅटवर. पण तिथे पोहोचण्याचे स्वप्न पाहणारी मुलगी आधी कुठल्यातरी गावच्या मातीवर खेळते. तिच्या पायाला चार मीटरची सवय त्या मातीवर लागते. तिथे तिला पावणेपाच मीटरची सवय लागली, तर पुढे तिचा पाय योग्य मैदानावर चुकीच्या जागी पडेल.

म्हणून सामन्याआधी सरपंचाने, आणि सरपंच विसरले तर संघाच्या प्रशिक्षकाने, टेप घेऊन चार मापे घ्यावीत. पाच-सात मिनिटांचे काम आहे. दोन कर्ण सारखे आहेत का? लॉबी रेषांमध्ये महिलांना सहा आणि पुरुषांना आठ मीटर आहे का? मध्यरेषेपासून निदान रेषा महिलांना तीन आणि पुरुषांना पावणेचार मीटरवर आहे का? आणि बोनस रेषेमागे महिलांना दोन, पुरुषांना पावणेदोन मीटर उरतात का? हे मोजताना एका अंगणात थांबू नये, दोन्ही अंगणांत मोजावे. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, आणि पहिल्या डावात जी चूक दुसऱ्याची होती ती तेव्हा आपली होते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)